आरोग्य विम्याची जाडजूड पॉलिसी घरच्यांसाठी एका कागदावर कशी उतरवावी

आरोग्य विमा घ्यायचा की नाही हे घरात बसून ठरवताना समोर बहुतेक वेळा एजंटने दिलेलं रंगीत पत्रक असतं. काय मिळेल ते त्यावर ठळक छापलेलं असतं. काय मिळणार नाही, कधीपर्यंत मिळणार नाही आणि पैसे मागायचे कसे, या तीन गोष्टी मात्र तीस-चाळीस पानांच्या इंग्रजी पॉलिसीत विखुरलेल्या असतात. त्या गोळा करून घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असा तीन रकान्यांचा एक मराठी कागद कसा करायचा, ते इथे एका उदाहरणासह सांगितलं आहे.

उदाहरणासाठी यावल तालुक्यातलं एक केळी उत्पादक कुटुंब धरू. नाना ५८ वर्षांचे, २०१९ पासून साखरेच्या गोळ्या सुरू. आई ५४ वर्षांची, गुडघे दुखतात, मागच्या वर्षी जळगावला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढला. मुलगा ३३, सून २९ आणि नात ४ वर्षांची. पाचही जणांना मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी सुचवली आहे आणि ती १ एप्रिल २०२६ पासून सुरू होईल असं समजू. कुटुंब आणि पॉलिसीचे आकडे उदाहरणापुरते आहेत, नियम मात्र खरे आहेत.

आधी योग्य कागद मागा

पत्रकावरून सारांश करू नका. एजंटकडून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून तीन कागद घ्या: पॉलिसीची पूर्ण शब्दरचना, म्हणजे पॉलिसी वर्डिंग, ग्राहक माहिती पत्रक, म्हणजे सीआयएस, आणि कोरा प्रस्ताव अर्ज. सीआयएसचा सुधारित नमुना १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आहे. वगळलेले आजार, वेटिंग, म्हणजे पैसे मिळायला लागण्याआधी थांबायचा काळ, मर्यादा आणि क्लेमची पद्धत त्यात थोडक्यात द्यावीच लागते, आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळतं. म्हणून मराठी प्रत मागून घ्या. पण मजकुरात फरक निघाला तर पॉलिसीचा मूळ मजकूरच ग्राह्य धरतात. त्यामुळे सीआयएसचा उपयोग वाट दाखवण्यापुरता करा आणि खात्री मूळ पानावर करा.

तिन्ही कागदांवर खाली बारीक अक्षरात यूआयएन नावाचा, योजनेची ओळख सांगणारा क्रमांक असतो. तो तिन्हींवर तोच आहे का पाहा. एकाच कंपनीच्या नावात थोडाच फरक असलेल्या तीन-चार योजना असतात आणि वर्डिंग अनेकदा जुन्या आवृत्तीचं पाठवलं जातं. क्रमांक जुळला नाही तर पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच पॉलिसीवर खर्च होते.

हप्त्याचं कोटेशनही त्याच वेळी तपासा. व्यक्ती आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. कोटेशनमध्ये १८ टक्के लावलेले दिसले तर ते जुनं आहे, नवीन मागा.

वाचायचं कुठून

पहिल्या पानापासून ओळीने वाचत गेलात तर लाभांच्या यादीतच दमून जाल. सुरुवात व्याख्यांपासून करा. पॉलिसीत ठळक किंवा मोठ्या अक्षराने सुरू होणारा प्रत्येक शब्द व्याख्येत बांधलेला असतो. ‘हॉस्पिटल’ हाच शब्द घ्या. स्थानिक प्राधिकरणाकडे रुग्णालय म्हणून नोंदणी असावी लागते, किंवा ठरावीक किमान अटी पूर्ण व्हाव्या लागतात. १० लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह, रोजच्या नोंदी, अशा त्या अटी आहेत. चोपडा, शहादा, साक्री अशा ठिकाणी पाच-सहा खाटांचे दवाखाने बरेच असतात. तुमचा नेहमीचा दवाखाना नोंदणीकृत आहे का हे आजच विचारून नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवा. रीइम्बर्समेंट, म्हणजे आधी स्वतः भरलेल्या बिलाचे पैसे, मागताना तो क्रमांक लागतोच.

व्याख्यांनंतर वगळलेल्या गोष्टी, मग वेटिंग, मग मर्यादा आणि शेवटी क्लेमच्या अटी वाचा. लाभ सगळ्यांत शेवटी. पीडीएफ असेल तर हे शब्द एकेक करून शोधा. अडचणीची वाक्यं बहुतेक याच शब्दांच्या आसपास असतात:

```
waiting
co-pay
proportionate
sub-limit
zone
up to
subject to
```

कागदावर प्रत्येक ओळीपुढे कलमाचा आणि पानाचा क्रमांक लिहा. ज्या ओळीला पानाचा क्रमांक नाही ती एजंटच्या बोलण्यातून आलेली आहे असं समजून वेगळ्या रंगात ठेवा. त्या ओळींचं उत्तर कंपनीकडून ईमेलवर मागवायचं आहे.

पहिला रकाना: कधीच मिळणार नाही

इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. काही खर्च ठरावीक काळापुरते मिळत नाहीत आणि काही कधीच मिळत नाहीत. दोन्हींसाठी पॉलिसीत ‘एक्सक्लूजन’ हाच शब्द वापरतात, म्हणून घोळ होतो. सुदैवाने विमा नियामकाने प्रमाणित एक्सक्लूजनना सगळ्या कंपन्यांसाठी एकच सांकेतिक क्रमांक दिले आहेत. `Excl01`, `Excl02` आणि `Excl03` ही तिन्ही वेटिंगची कलमं आहेत, ती दुसऱ्या रकान्यात जातील. `Excl04` पासून `Excl18` पर्यंतची पहिल्या रकान्यात.

ती पंधराच्या पंधरा उतरवून काढू नका. आपल्या घराला लागू होतात तेवढीच घ्या. वरच्या कुटुंबाला चार लागू होतात. `Excl04`: फक्त तपासण्यांसाठी दाखल झालात आणि उपचार झाला नाही, तर पैसे नाहीत. ‘एक दिवस ॲडमिट करून सगळ्या टेस्ट करून घेऊ’ हा सल्ला इथे अडकतो. `Excl11`: कंपनीने बाद केलेल्या रुग्णालयांची यादी संकेतस्थळावर असते. तिथे अपघात किंवा जीवावरच्या प्रसंगात प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो. `Excl12`: दारू, अमली पदार्थ किंवा कोणतंही व्यसन यांवरचे उपचार आणि त्यांचे परिणाम. घरात कुणी तंबाखू खात असेल तर प्रस्ताव अर्जातल्या त्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, कारण पुढे तोंडाच्या आजाराच्या क्लेममध्ये कंपनी हाच प्रश्न उकरून काढते. `Excl18`: बाळंतपण. सुनेला दुसरं मूल हवं असेल तर बाळंतपणाचा वेगळा लाभ जोडला आहे का आणि त्याचं वेटिंग किती, ते पाहावं लागेल. लाभ जोडलेला नसेल तर सिझेरियनचा खर्चही घरूनच.

याशिवाय पॉलिसीच्या शेवटी न मिळणाऱ्या वस्तूंची यादी जोडलेली असते. हातमोजे, मास्क, डायपर, नेब्युलायझर किट, कमरेचा पट्टा, खाटेजवळ थांबणाऱ्याचा खर्च, असं बरंच काही त्यात असतं. बिलात अशा रकमा सुट्या-सुट्या पसरलेल्या असल्यामुळे लक्षात येत नाहीत. जास्तीचा हप्ता भरून या वस्तू घेता येतात का, तेवढी नोंद कागदावर करा.

दुसरा रकाना: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेपासून

‘वेटिंग २४ महिने’ असं लिहून ठेवलं तर घरात कुणालाच काही कळत नाही. माणसाचं नाव आणि तारीख लिहा.

पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणत्याच आजाराचे पैसे मिळत नाहीत. आपल्या उदाहरणात १ मे २०२६ पासून डेंग्यू, न्यूमोनिया अशा नव्याने झालेल्या आजारांना संरक्षण सुरू होईल. शेतातून परतताना मोटारसायकलचा अपघात झाला तर ते पहिल्या दिवसापासून आहे.

दुसरं वेटिंग नेमून दिलेल्या आजारांचं. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, मुतखडा, पित्ताशयातले खडे, गर्भाशयाच्या गाठी, सांधेरोपण अशी नावं या यादीत सहसा असतात. ही यादी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून ती पूर्ण वाचा. हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, बऱ्याच पॉलिसींत २४ महिने आहे. सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतो. मुतखडा पॉलिसी घेतल्यानंतर नव्याने झाला असला तरी हे वेटिंग लागू होतं. आधी आजार नव्हता म्हणून सूट मिळत नाही. मुलाला २०२७ च्या उन्हाळ्यात खडा झाला आणि तो काढायला दाखल केलं, तर २४ महिन्यांच्या पॉलिसीतही १ एप्रिल २०२८ च्या आधीचा खर्च घरूनच करावा लागेल.

तिसरं वेटिंग आधीपासून असलेल्या आजारांचं. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला-उपचार घेतला असा आजार यात येतो. २०२४ च्या नियमांनुसार हे वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतं. पूर्वी ते ४८ होतं. कलमात आजारासोबत त्याच्या थेट गुंतागुंतीही धरलेल्या असतात, आणि हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. नानांच्या साखरेपुरताच हा प्रश्न राहत नाही. साखरेमुळे पायाला झालेली जखम किंवा मूत्रपिंडाचा त्रासही १ एप्रिल २०२९ पर्यंत अडू शकतो.

आईच्या गुडघ्याला दोन्ही वेटिंग लागतात. गुडघेरोपण नेमलेल्या यादीत आहे आणि मागच्या वर्षी डॉक्टरांना दाखवल्यामुळे ते आधीचं दुखणंही ठरतं. अशा वेळी दोन्हींपैकी मोठा काळ धरायचा असं कलमातच लिहिलेलं असतं. म्हणून आईपुढे लिहायचं: ‘गुडघ्याचं ऑपरेशन १ एप्रिल २०२९ पासून.’

या रकान्याच्या तळाशी आणखी एक तारीख लिहा, १ एप्रिल २०३१. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली किंवा चुकीची दिली, या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी याला अपवाद. कायमच्या वगळलेल्या गोष्टी आणि रकमेच्या मर्यादा मात्र त्यानंतरही तशाच राहतात. आणि सगळ्या तारखा पॉलिसी खंड न पडता चालली तरच खऱ्या. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरला तर सलगता टिकते, पण हप्ता न भरलेल्या त्या मधल्या दिवसांत आलेल्या आजाराला संरक्षण नसतं. केळीचे पैसे कधी येतात ते पाहून सुरुवातीची तारीख निवडणं शहाणपणाचं आहे.

विम्याची रक्कम पुढे वाढवली तर वाढीव रकमेपुरतं वेटिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून ‘आता ३ लाख घेऊ, नंतर वाढवू’ हा हिशेब साखर किंवा रक्तदाब असलेल्या घराला महागात पडतो.

मिळेल, पण पूर्ण नाही

मर्यादा खरं तर पहिल्या रकान्यातच बसतात, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा ठेवा आणि रुपयांत उदाहरण मांडा. आपल्या पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत आहे, आणि ठरलेल्या झोनच्या बाहेर उपचार घेतल्यास २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, आहे असं धरू.

झोनची अट खानदेशातल्या घरांनी विशेष पाहावी. काही कंपन्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पत्त्याला स्वस्त झोनचा हप्ता लावतात आणि महागड्या झोनमध्ये उपचार घेतले की ठरावीक टक्के तुमच्यावर टाकतात. मोठ्या आजाराला आपली माणसं मुंबई-पुण्याला जातात, नंदुरबार-नवापूरची सुरतला. ती शहरं कोणत्या झोनमध्ये आहेत ते पॉलिसीतल्या तक्त्यात नावानिशी शोधा.

समजा मुंबईत ४ दिवस दाखल राहिलात आणि ८,००० रुपये रोजाची खोली घेतली. खोलीचे ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंगचे ८०,०००, औषधं आणि तपासण्यांचे ४०,००० आणि न मिळणाऱ्या वस्तूंचे ६,०००. एकूण बिल १,५८,०००.

खोलीचे वरचे १२,००० कापले जातील, एवढं सगळ्यांना कळतं. त्यापुढची कपात कळत नाही. ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’चं कलम असेल तर खोलीशी जोडलेले बाकीचे आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. ८,००० पैकी ५,००० म्हणजे ६२.५ टक्के. म्हणून ८०,००० चे ५०,००० होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या आकारालाही नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार आकार बदलत नाहीत तिथेही लावता येत नाही. तर २०,००० अधिक ५०,००० अधिक ४०,००० मिळून १,१०,००० झाले. त्यातून २० टक्के को-पेचे २२,००० गेले. हातात ८८,००० येतील आणि ७०,००० खिशातून जातील. ५ लाखांचा विमा असून दीड लाखाच्या बिलात हे होतं. म्हणून ‘खोली ५,००० च्या आतलीच मागायची’ ही ओळ कागदावर मोठ्या अक्षरात हवी. खोलीभाड्यावर मर्यादा नसलेल्या पॉलिसीचा हप्ता किती जास्त आहे हेही याच हिशेबाशेजारी लिहा. आमच्या मते तुलना करायची तर ती या जागी, बोनस आणि मोफत तपासण्यांच्या यादीत नव्हे.

तिसरा रकाना: क्लेम करताना कुणी काय करायचं

हा भाग रात्री दोन वाजता दुसऱ्याला वाचून दाखवता येईल इतका सोपा असावा. सर्वांत वर पॉलिसी क्रमांक, हेल्पलाइन आणि जवळच्या तीन कॅशलेस, म्हणजे कंपनी परस्पर बिल भरते अशा, रुग्णालयांची नावं. संकेतस्थळावरची यादी जुनी असू शकते. म्हणून प्रत्येक रुग्णालयाच्या विमा कक्षाला फोन करून ‘या कंपनीचं कॅशलेस आज चालू आहे का’ असं विचारा आणि विचारल्याची तारीख लिहा. यावलकरांनी भुसावळ आणि जळगावची, रावेरकरांनी बऱ्हाणपूरचीही पाहावीत.

ठरवून करायच्या ऑपरेशनला दाखल होण्यापूर्वी साधारण ४८ ते ७२ तास आधी कंपनीला कळवावं लागतं. अचानक दाखल केलं तर साधारण २४ तासांत. नेमका आकडा तुमच्या पॉलिसीतून घ्या. कॅशलेसची विनंती पोहोचल्यावर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची, असं २०२४ चं परिपत्रक सांगतं. त्या ३ तासांवर उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा.

दाखल करताना जो माणूस डॉक्टरांना पूर्वीचा आजार सांगतो त्याच्यावर पुष्कळ अवलंबून असतं. घाईत कुणीतरी ‘साखर तर दहा वर्षांपासून आहे’ असं म्हणून जातं आणि केस पेपरवर तेच उतरतं. प्रस्ताव अर्जात २०१९ लिहिलेलं असतं. हा फरक दिसला की माहिती लपवली, या कारणाने क्लेम अडतो. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे आजार आणि निदानाचं वर्ष लिहून ठेवा, तेच अर्जात भरा आणि तेच डॉक्टरांना सांगा. डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर ते वर्ष तिथल्या तिथे तपासा. चूक असेल तर डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर ते काम फार अवघड होतं.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असं नाही. बिल भरून रीइम्बर्समेंट मागता येतं. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, क्रमांक आणि शिक्का असलेलं तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, चिठ्ठीसह औषधांची बिलं, तपासण्यांचे अहवाल आणि रद्द केलेला धनादेश लागतो. अपघात असेल तर एमएलसी, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेली नोंद, किंवा एफआयआर यांची प्रत. इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं स्टिकर आणि बिल. साध्या चिठ्ठीवर लिहून दिलेली एकत्रित रक्कम चालत नाही, तपशील मागून घ्या. कागद देण्याची मुदत बहुधा डिस्चार्जनंतर १५ किंवा ३० दिवसांची असते. देण्याआधी सगळ्यांची झेरॉक्स काढून ठेवा.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. तुमच्या कागदावर कलमाचा क्रमांक आधीच असल्यामुळे पडताळणी सोपी जाते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं, हवं तर bimabharosa.irdai.gov.in वर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

कागद समोर ठेवून निर्णय

आपल्या कुटुंबाचा कागद पूर्ण झाला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. नाना आणि आईच्या ज्या दुखण्यांसाठी घरात विम्याचा विषय निघाला, त्यांना एप्रिल २०२९ पर्यंत पैसे मिळणार नाहीत. तोपर्यंत अपघात, नवे आजार आणि तरुण तिघं एवढंच संरक्षण आहे. शिवाय फ्लोटरचा हप्ता सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे नानांच्या वयाने पाचही जणांचा हप्ता चढतो. तेव्हा तरुण तिघांची एक आणि आईवडिलांची वेगळी, अशी दोन कोटेशनं मागवून बेरीज करून पाहा. आईवडिलांच्या पॉलिसीत आधीच्या आजारांचं वेटिंग कमी करण्याचा जादा हप्त्याचा पर्याय असेल तर तो किती रुपयांना पडतो तेही विचारा. आईचं ऑपरेशन वर्षभरात करायचंच असेल तर त्याची रक्कम विम्याच्या भरवशावर न ठेवता वेगळी उभी करावी लागेल.

पॉलिसी घेतली तर हातात आल्याच्या दिवशीच कागदाशेजारी ठेवून मिळवून पाहा. नावं, जन्मतारखा, जाहीर केलेले आजार, झोन, खोलीभाड्याची मर्यादा. प्रस्ताव अर्जाची भरलेली प्रत सोबत येते, ती तर शब्दन् शब्द वाचा, कारण बरेचदा ती एजंटने मोबाइलवर भरलेली असते आणि आजारांच्या प्रश्नांना सरसकट ‘नाही’ टाकलेलं असतं. चूक दिसली तर लगेच लेखी कळवून दुरुस्ती मागा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परतही करता येते. तोवर क्लेम केलेला नसेल तर झालेल्या दिवसांचा आकार, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून हप्ता परत मिळतो.